संविधान तक्त्यातले ६० गुण आणि तुझे २८

मॅडम, मी दहावीला आहे, मराठी माध्यम. पहिल्या सराव परीक्षेत गणित भाग १ ला ४० पैकी १६ पडले. मला बोर्डात भाग १ मध्ये २८ तरी हवेत. हातात तीन आठवडे आहेत, रोज एक तास देऊ शकते. मैत्रिणी म्हणतात, अर्थनियोजन आणि संभाव्यता सोड, दोन्ही आठ-आठ गुणांचे आहेत, ६० मधून १६ गेले तरी ४४ उरतात, पेपर तर ४० चाच आहे. हा हिशोब बरोबर आहे का? नाहीतर कोणते धडे करू?

हिशोब बरोबर नाही. मैत्रिणींनी सोडायला निवडलेले दोन धडे नेमके असे आहेत की जे तुला सगळ्यात कमी वेळात गुण देतील. का ते नीट समजून घे, कारण एकदा हे कळलं की भाग २ साठीही तुझा तुलाच निर्णय घेता येईल.

आम्हा शिक्षकांच्या हातात पेपर काढताना जो असतो त्याला संविधान तक्ता म्हणतात. त्यात तीन बाजूंनी भारांश दिलेला असतो: कोणत्या घटकाला किती गुण, कोणत्या उद्दिष्टाला किती (ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य), आणि कोणत्या प्रश्नप्रकाराला किती. मुलांपर्यंत पोहोचतो तो बहुतेक वेळा फक्त पहिला भाग, म्हणजे घटकनिहाय गुणविभागणी. भाग १ ची ती अशी आहे: दोन चलांतील रेषीय समीकरणे १२, वर्गसमीकरणे १२, अंकगणिती श्रेढी ८, अर्थनियोजन ८, संभाव्यता ८, सांख्यिकी १२. बेरीज ६०. या रकान्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘पर्यायासह गुण’. ते दोन शब्द न वाचल्यामुळेच सगळा घोटाळा होतो.

पेपर सोडवायचा ४० चा, पण छापला जातो ६० चा. म्हणजे २० गुणांचे प्रश्न सोडून द्यायची तुला मुभा आहे. मैत्रिणींनी इथपर्यंत बरोबर ओळखलं. चूक पुढे आहे. ही २० गुणांची मुभा एकगठ्ठा मिळत नाही, ती प्रश्नाप्रश्नांत वाटलेली आहे आणि ती वाटणी सारखी नाही. घटकांचा तक्ता वाचताना शेजारी प्रश्नांचा आराखडा उघडा ठेवावाच लागतो.

प्रश्न १ मध्ये चार बहुपर्यायी आणि चार एका गुणाचे उपप्रश्न असतात, एकूण ८ गुण, आणि तिथे पर्याय अजिबात नाही. प्रश्न २ (अ) मध्ये तीनपैकी दोन कृती पूर्ण करायच्या, प्रत्येकी २ गुण. २ (ब) मध्ये पाचपैकी चार, प्रत्येकी २. प्रश्न ३ (अ) मध्ये दोनपैकी एक कृती, ३ गुण. ३ (ब) मध्ये चारपैकी दोन, प्रत्येकी ३. प्रश्न ४ मध्ये तीनपैकी दोन, प्रत्येकी ४. प्रश्न ५ मध्ये दोनपैकी एक, ३ गुण.

आता बघ, सूट कुठे आहे. ३ (ब) मध्ये निम्मे प्रश्न सोडता येतात, बारा गुणांचं छापलेलं असतं आणि सहाचं सोडवायचं असतं. तिथे हात सैल आहे. २ (ब) मध्ये मात्र पाचातला एकच सोडता येतो. प्रश्न १ मध्ये एकही नाही. सोडलेल्या धड्याचे प्रश्न जर या आवळलेल्या भागांत पडले, तर ते सरळ तुझ्या ४० मधून जातात. ३ (ब) मध्ये पडले तर फारसं बिघडत नाही. आणि कोणत्या धड्याचा प्रश्न कुठे पडणार, हे घटकांचा तक्ता सांगत नाही.

एका सराव पेपरवर हे करून दाखवते. हा पेपर मी वर्गासाठी काढला होता, वरच्या गुणविभागणीत तंतोतंत बसणारा. धड्यांची नावं आखूड करून लिहिते.

प्रश्न १: रेषीय, वर्ग, श्रेढी, सांख्यिकी यांचा प्रत्येकी एक, अर्थनियोजनाचे दोन, संभाव्यतेचे दोन.
प्रश्न २ (अ): रेषीय, वर्ग, संभाव्यता.
प्रश्न २ (ब): रेषीय, वर्ग, सांख्यिकी, संभाव्यता, संभाव्यता.
प्रश्न ३ (अ): अर्थनियोजन, सांख्यिकी.
प्रश्न ३ (ब): वर्ग, श्रेढी, अर्थनियोजन, सांख्यिकी.
प्रश्न ४: रेषीय, वर्ग, श्रेढी.
प्रश्न ५: रेषीय, सांख्यिकी.

बेरजा तपासून बघ, प्रत्येक धड्याचे गुण जुळतात. यातून अर्थनियोजन आणि संभाव्यता पेन्सिलने खोड. प्रश्न १ मधले चार गुण गेले. २ (अ) मध्ये दोन कृती उरल्या, त्या दोन्ही सोडवाव्या लागणार, निवडायला काही नाही. २ (ब) मध्ये तीनच उरले आणि सोडवायचे चार, म्हणजे आणखी दोन गुण गेले. पुढे ३, ४ आणि ५ मध्ये नुकसान नाही. गेलेले एकूण ६. म्हणजे ‘४४ उरतात’ म्हणत होतीस, ते प्रत्यक्षात ३४ आहेत. आणि ते ३४ सुद्धा एकही चूक न करता, प्रश्न ४ आणि ५ चे अकरा गुण पूर्ण धरून.

हेच दोन धडे, हेच सोळा गुण, पण जरा वेगळे पसरले तर? समज, प्रश्न १ मध्ये दोन्हींचा एकेकच उपप्रश्न आला, संभाव्यतेचा एक २ (अ) मध्ये, एक २ (ब) मध्ये आणि एक ३ (ब) मध्ये आला, अर्थनियोजनाचा एक ३ (ब) मध्ये आणि एक प्रश्न ४ मध्ये आला. मग प्रश्न १ मधले दोनच गुण जातात, बाकी सगळीकडे पर्याय तारून नेतो, आणि ३८ उरतात. सोडलेले धडे तेच असून एका पेपरात ३४, दुसऱ्यात ३८. म्हणून धडा सोडून वाचणाऱ्या वेळाची किंमत आधी सांगताच येत नाही. ती पेपर उघडल्यावर कळते, आणि तेव्हा उपाय उरलेला नसतो.

३४ मधून २८ मिळवायचे म्हणजे शंभरात ब्याऐंशी बरोबर आणावे लागतात. जिला आज ४० पैकी १६ पडतात, तिच्यावर हे ओझं मी टाकणार नाही.

मग वाचायचं कसं? उलट्या टोकाने. आधी २८ कुठून येणार ते प्रश्नांवर मांडायचं, आणि त्या प्रश्नांना कोणता धडा किती खोल लागतो ते नंतर बघायचं.

तुझ्यासाठी मी असं मांडते. प्रश्न १ मधून ८ पैकी ६. २ (अ) चे चारही, कारण कृतीत पायऱ्या छापलेल्या असतात, रिकाम्या चौकटीच भरायच्या असतात. २ (ब) मधून ८ पैकी ७. ३ (अ) चे तीनही. ३ (ब) मधून ६ पैकी ४, म्हणजे एक उदाहरण पूर्ण आणि दुसऱ्याची मांडणी व पहिली पायरी. प्रश्न ४ मधून ८ पैकी ४, म्हणजे एकच उदाहरण पूर्ण. प्रश्न ५ मधून शून्य. ६, ४, ७, ३, ४, ४. झाले अठ्ठावीस.

या ओळीकडे नीट बघ. प्रश्न ५ पूर्ण सोडून दिलाय, प्रश्न ४ अर्धा सोडलाय. तुझे २८ पैकी २० गुण प्रश्न १, २ आणि ३ (अ) मधून येतायत. हे प्रश्न छोटे असतात, आणि छोटे प्रश्न सहाही धड्यांतून येतात. म्हणून धडा सोडायचा नाही. प्रत्येक धड्यात किती खोल जायचं ते ठरवायचं आणि खालचा अवघड भाग सोडायचा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी तक्त्यावर धड्यापुढे फुली मारू देत नाही. धड्यापुढे ‘वरचं’ किंवा ‘पूर्ण’ एवढंच लिहायचं.

संभाव्यतेपुढे ‘वरचं’ लिही. नमुना अवकाश लिहिणं, त्यातले घटक मोजणं, घटनेचा संच लिहिणं आणि भागाकार. एक नाणं, दोन नाणी, एक फासा, दोन फासे, बावन्न पत्त्यांचा कॅट, आणि अंक वापरून तयार होणाऱ्या दोन अंकी संख्या. एवढंच. दोन फाशांचे छत्तीस घटक एकदा सहा ओळींत हाताने लिहून काढले की त्यावरचा कुठलाही प्रश्न बोट ठेवून मोजता येतो. याला तीन संध्याकाळी पुरतात. आठ गुणांच्या धड्याला तीन संध्याकाळी, यापेक्षा स्वस्त सौदा या पुस्तकात नाही.

अर्थनियोजनातही ‘वरचं’. मुलं या धड्याला घाबरतात ती शब्दांना. करपात्र किंमत, जीएसटीचा दर, केंद्राचा आणि राज्याचा निम्मा-निम्मा कर, आधी भरलेल्या कराची वजावट, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव, दलाली. हे आठ-दहा शब्द आणि शेकडेवारी, गणित तेवढंच आहे. दर प्रश्नात दिलेला असतो, पाठ करायचा नसतो. चार संध्याकाळी.

अंकगणिती श्रेढीत n वे पद आणि पहिल्या n पदांची बेरीज ही दोन सूत्रं, आणि त्यात थेट किंमती घालायची उदाहरणं. शाब्दिक उदाहरणं सोड. तीन संध्याकाळी.

आता बारा-बारावाले तीन. इथे निवड खरोखर करावी लागते, कारण प्रश्न ४ मधलं तुझं एक चार गुणांचं उदाहरण यांतूनच येण्याची शक्यता जास्त. मी तुला रेषीय समीकरणं आणि सांख्यिकी ‘पूर्ण’ करायला सांगेन आणि वर्गसमीकरणं ‘वरची’: अवयव पाडून सोडवणं, सूत्राने सोडवणं, विवेचकावरून मुळांचं स्वरूप सांगणं. वर्गसमीकरणाच्या शाब्दिक उदाहरणात समीकरण मांडण्यातच मुलं अडकतात, आणि तीन आठवड्यांत ती अडचण सुटेल याची मला खात्री वाटत नाही. रेषीयमध्ये शाब्दिक उदाहरण आलं तरी दोन गोष्टींना x आणि y म्हटलं की दोन वाक्यांतून दोन समीकरणं मिळतात. आणि ती सोडवताना क्रेमरच्या पद्धतीत एकच ठरलेली वाट असते. सांख्यिकीत तर सगळं कोष्टकावर आहे. रेषीयला चार, सांख्यिकीला चार, वर्गसमीकरणांना तीन संध्याकाळी. सगळे मिळून एकवीस दिवस होतात, म्हणजे तुझे तीन आठवडे भरले. त्यातला रविवार दोन तासांचा कर, एक तास धड्याला आणि एक सराव पेपरला.

तरी एक धोका सांगून ठेवते. वर दाखवलेल्या पेपरात प्रश्न ४ मध्ये सांख्यिकी आलंच नव्हतं. तिथे तुला फक्त रेषीयवर अवलंबून राहावं लागलं असतं. दोन धडे पूर्ण करणं हे कमीत कमी आहे. एखादा धडा ठरवल्यापेक्षा लवकर संपला, तर तो वेळ वर्गसमीकरणांच्या शाब्दिक उदाहरणांना दे, प्रश्न ५ ला नको.

हे सगळं मी तुझी उत्तरपत्रिका न बघता लिहिलंय, म्हणून एक काम तुलाच करायचंय, आणि ते पहिल्याच संध्याकाळी. सराव परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका काढ. प्रत्येक उपप्रश्नापुढे धड्याचं नाव लिही. जिथे गुण गेलेत तिथे तीनपैकी एक खूण कर: ‘येत नव्हतं’, ‘येत होतं पण चुकलं’, ‘वेळ संपला’. तुझे २४ गुण या तीन ढिगांत वाटले जातील. वर दिलेल्या संध्याकाळी ‘येत नव्हतं’ हा ढीग मोठा असेल असं धरून आहेत. तो लहान निघाला तर योजना बदलते.

माझ्याकडचा एक मुलगा असाच १७ वर होता. त्याला वाटत होतं की सांख्यिकी मुळातच येत नाही, तो धडा नव्याने सुरू करणार होता. खुणा केल्या तर गेलेल्या २३ पैकी ८ ‘येत नव्हतं’ मध्ये, ६ ‘वेळ संपला’ मध्ये आणि ९ ‘येत होतं पण चुकलं’ मध्ये निघाले. आणि त्या नवातले पाच एकट्या सांख्यिकीतले होते.

त्याचं एक उदाहरण मला अजून आठवतं. वर्ग ०-१०, १०-२०, २०-३०, ३०-४०, ४०-५०, आणि वारंवारता ६, १०, १२, ८, ४. गृहीतमध्य २५ घेतला होता. विचलनं बरोबर: −२०, −१०, ०, १०, २०. गुणाकार −१२०, −१००, ०, ८०, ८०. बेरीज −६० यायला हवी, तीही आली होती. वारंवारतांची बेरीज ४०. पण पुढच्या ओळीत ६० भागिले ४० म्हणजे १.५, आणि उत्तर २५ + १.५ = २६.५. वजाचं चिन्ह ओळ बदलताना गळलं. उत्तर २३.५ हवं होतं. कोष्टक अख्खं बरोबर आणि शेवटी गुण गेले. हे ‘येत नव्हतं’ नव्हे. त्याला मी धडा पुन्हा शिकवला नाही. एकच सवय लावली: उत्तर लिहिण्याआधी कोष्टकाकडे बघ. गृहीतमध्याच्या वर्गाखाली ६ आणि १० मिळून १६ जण, वर ८ आणि ४ मिळून १२ जण. अंतरं दोन्हीकडे सारखीच असताना खालची बाजू जड आहे, तर मध्य २५ पेक्षा मोठा येईलच कसा? या नजरेला दहा सेकंद लागतात. दुसऱ्या सराव परीक्षेत त्याला २७ पडले, आणि सांख्यिकीवर त्याने दोनच संध्याकाळी घालवल्या होत्या.

म्हणून ढीग बघून वेळ वळव. ‘येत होतं पण चुकलं’ जास्त असेल त्या धड्याची संध्याकाळ कमी कर आणि त्यातली तीच ती चूक शोधून काढ. ‘वेळ संपला’ जास्त असेल तर बहुधा तू प्रश्न ४ वर फार रेंगाळलीस. पेपर दोन तासांचा आहे. प्रश्न १ ते ३ पर्यंतचा भाग सव्वा तासात उरकला पाहिजे, कारण तुझे २४ गुण तिथे आहेत.

सरावासाठी जुने पेपर घेताना थोडी काळजी घे. हे पाठ्यपुस्तक २०१८ मध्ये आलं, त्याआधीचे पेपर तुझ्या कामाचे नाहीत. मार्च २०२२ ची परीक्षा पंचवीस टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली होती, म्हणून धड्यांचे गुण मोजायला तो पेपर घेऊ नको, उदाहरणं सोडवायला चालेल. मार्च २०२३ पासूनचे पेपर घे, जुलैच्या पुरवणी परीक्षेचेही घे. त्यांवर मी केलं तशी धड्यांची नावं लिहून काढ. एखाद्या धड्याचे गुण तक्त्यापेक्षा एक-दोनने इकडे तिकडे दिसले तर गोंधळू नको; काही प्रश्न दोन धड्यांच्या सीमेवर असतात आणि तू तो एका धड्यात धरशील, पेपर काढणाऱ्याने दुसऱ्यात धरला असेल. मात्र ‘गेल्या दोन वर्षी प्रश्न ४ मध्ये श्रेढी आली, म्हणजे यंदा येणार नाही’ असला अंदाज यातून काढू नको. तक्ता धड्याला गुण देतो, जागा देत नाही. आणि यंदाची गुणविभागणी मंडळाच्या संकेतस्थळावर किंवा शाळेत एकदा पडताळून घे, गाईडच्या मागच्या पानावर विसंबू नको. गाईडं जुनीच पानं पुन्हा छापतात.

अजून एक. २८ हा आकडा तू भाग १ पुरता धरलास, पण गुणपत्रिकेत गणित एकच असतं: भाग १ चे ४०, भाग २ चे ४० आणि अंतर्गत २०. भूमितीत तुला किती पडले ते लिहिलं नाहीस. तिथे १२-१३ असतील, तर बीजगणितात २८ वरून ३० करायला जे दोन गुण लागतात, त्यापेक्षा भूमितीतले पहिले पाच-सहा जास्त सोपे मिळतील. तेव्हा वर्गसमीकरणांच्या तीन संध्याकाळींतली एक तिकडे दे.

दुसऱ्या रविवारी पूर्ण पेपर सोडव, घड्याळ लावून. तपासल्यावर एकूण किती पडले ते नंतर बघ. आधी ६, ४, ७, ३, ४, ४ या ओळीशी एकेक प्रश्न ताडून बघ. २ (ब) मध्ये ७ ऐवजी ४ आले असतील तर कोणत्या धड्याने खाल्ले ते लगेच दिसेल, आणि तिसरा आठवडा त्या धड्याचा.